एका फळीवरचे दोन हिशेब: खरखरीत उतार आणि कार्य-ऊर्जा प्रमेयाची पार्श्वभूमी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या हंगामात सकाळी गेलात तर ट्रकच्या मागच्या फळक्याला टेकवलेली लाकडी फळी हमखास दिसेल. वर उभा असलेला माणूस पेटी फळीवर ठेवतो, हलकासा धक्का देतो, पेटी घसरत खाली येते आणि खालचा माणूस ती पोटाशी झेलतो. अकरावीच्या मुलांना खरखरीत उतार शिकवताना मी पुस्तकातला ठोकळा बाजूला ठेवून हीच पेटी घेतो. आकडे मात्र सोयीचे घेतलेत: ट्रकची उंची 1.2 मीटर, फळी 2 मीटर लांब, पेटी 20 किलोची, घर्षणांक 0.5. म्हणजे sinθ = 0.6 आणि cosθ = 0.8. पेटी खाली पोचते तेव्हा तिचा वेग किती?

मुलं लगेच दोन गटांत विभागतात. एक गट बलांची आकृती काढून त्वरण शोधतो, दुसरा थेट ऊर्जेचा हिशेब मांडतो. उत्तर दोघांचंही एकच येतं. मग एखादा विचारतोच, 'सर, मग दोन पद्धती कशाले?' या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. एका शोधाच्या या दोन आवृत्त्या नव्हेत. हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि त्यातून एक मोठं भांडण उभं राहिलं. गंमत म्हणजे त्या भांडणात घर्षणाला जागाच नव्हती.

सुरुवात गॅलिलिओपासून करायला हवी. 1638 च्या त्याच्या ग्रंथात उताराच्या प्रयोगाचं वर्णन आहे. लांब लाकडी तुळईत कोरलेली खाच, खाचेला आतून चिकटवलेलं गुळगुळीत चर्मपत्र, त्यातून सोडलेला कांस्याचा गोळा आणि वेळ मोजायला भांड्यातून धारेनं गळणारं, मग तोललेलं पाणी. हा सगळा खटाटोप घर्षण पळवून लावण्यासाठी होता. (गोळा गडगडत होता, घसरत नव्हता, म्हणून त्याचं त्वरण g·sinθ पेक्षा कमी, जवळजवळ पाच-सप्तमांश यायचं. पण प्रमाण तेच राहत असल्यानं गॅलिलिओचं काही अडलं नाही.) त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दुसरी, उतार कितीही तिरपा असो, उंची सारखी असेल तर खाली पोचताना मिळणारा वेग सारखाच. पहिल्या वाक्यात घड्याळ आहे, दुसऱ्यात ते नाही, फक्त उंची आहे. आज आपण ज्यांना बल-गती पद्धत आणि ऊर्जा पद्धत म्हणतो, त्यांची बीजं या दोन वाक्यांत आहेत.

भांडण पेटलं ते 1686 मध्ये. देकार्तच्या मते गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग होतं. लायब्निट्सनं एक साधं उदाहरण घेतलं. 1 किलो वजन 4 मीटर उचलायला जितका जोर लागतो, तितकाच 4 किलो 1 मीटर उचलायला लागतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती. (एकक माझी, युक्तिवाद त्याचा.) आता दोन्ही वजनं सोडून द्या. 4 मीटरवरून पडणाऱ्याचा वेग 1 मीटरवरून पडणाऱ्याच्या दुप्पट. mv काढलं तर एकीकडे 2 आणि दुसरीकडे 4, म्हणजे हिशेब जुळत नाही. mv² काढलं तर दोन्हीकडे 4. या mv² ला लायब्निट्सनं 'जिवंत बल' असं नाव दिलं. पुढे हॉलंडच्या 'स्ग्रावेसांदनं मऊ मातीत पितळी गोळे टाकून खड्डे मोजले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट. एमिली द्यू शातलेनं 1740 च्या ग्रंथात लायब्निट्सची बाजू फ्रेंच वाचकांपर्यंत पोचवली. आणि 1743 मध्ये दालांबेरनं हे भांडण मुळात शब्दांचं असल्याचं सांगितलं. बलाचा परिणाम वेळेवर मोजा, mv मिळेल. अंतरावर मोजा, mv² मिळेल. दोन्ही खरे, प्रश्न वेगळे.

न्यूटनकडेही हे होतं, फक्त भूमितीच्या पोशाखात. 'प्रिन्सिपिया'च्या पहिल्या खंडातल्या 39 व्या विधानात तो म्हणतो की सरळ रेषेत पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग बल-अंतर आलेखाखालच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. आज आपण त्यालाच कार्य किंवा काम म्हणतो. म्हणजे 1687 मध्येच ही गोष्ट कागदावर होती, पण तिला नाव नव्हतं.

या सगळ्यांच्या उतारावर घर्षण नाही, आणि आपली फळी तर खरखरीत आहे. घर्षण बल दाबाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आमोंतॉनं 1699 मध्ये सांगितलं. उतारावर ते बसवून दाखवण्याचं श्रेय ऑयलरला जातं. 18 व्या शतकाच्या मध्यावर त्यानं दाखवलं की थांबलेल्या वस्तूला हलवणं आणि हललेल्या वस्तूला हलतं ठेवणं यांत फरक आहे, आणि सरकताना लागणारा घर्षणांक उतारावरच्या वेळेवरून काढता येतो:

μ = tanθ − 2s / (g t² cosθ)

हे निव्वळ बल-गती पद्धतीचं सूत्र आहे. त्वरण g(sinθ − μ cosθ), अंतर ½at², आणि यांतून μ सोडवला. आपल्या पेटीला खाली यायला 1.43 सेकंद लागतात. तो आकडा घातला की 0.75 − 0.25 = 0.5, म्हणजे घेतलेला घर्षणांक परत मिळतो. याची नाजूक बाजूही लगेच दिसते. हातातल्या मोबाइलच्या स्टॉपवॉचवर 1.43 ऐवजी 1.3 आलं, तर μ 0.45 निघतो. वेळेचा वर्ग होतो, म्हणून चूक फुगते.

ऑयलरनंतर कुलोंनं 1780 च्या दशकात प्रयोगांची मोठी मालिका करून घर्षणाचे नियम पक्के केले. पण 'घर्षणानं इतकी ऊर्जा खाल्ली' असं म्हणण्याची सोय अजून नव्हती. ती आली यंत्रांच्या हिशेबातून. 1829 मध्ये कोरिओलिसनं बल गुणिले अंतर याला 'काम' हा शब्द वापरला आणि लायब्निट्सच्या mv² पुढे अर्धा लावला. त्या अर्ध्यामुळे हिशेबाच्या दोन्ही बाजू कोणत्याही अतिरिक्त गुणकाशिवाय जुळल्या. आपण वर्गात ½mv² लिहितो तो अर्धा यंत्रांचं काम मोजणाऱ्या माणसाचा.

आता फळीवरचा हिशेब. बल-गती पद्धतीत लंब बल 20 × 9.8 × 0.8 = 156.8 न्यूटन, घर्षण त्याच्या निम्मं, 78.4. उतारालगतचं गुरुत्व 117.6 न्यूटन. शिल्लक 39.2, त्वरण 1.96, आणि v² = 2 × 1.96 × 2 = 7.84. वेग 2.8 मीटर प्रति सेकंद. ऊर्जा पद्धतीत, म्हणजे कार्य-ऊर्जा प्रमेयानं, गुरुत्वाचं काम 20 × 9.8 × 1.2 = 235.2 ज्यूल, घर्षणानं घेतलेलं 78.4 × 2 = 156.8, उरलेलं 78.4 म्हणजे ½mv². वेग पुन्हा 2.8. खरं तर v² = 2as च्या दोन्ही बाजूंना m/2 नं गुणलं की दुसरा हिशेब समोर येतो. बल कायम असताना दोन पद्धती म्हणजे एकाच ओळीचं दोनदा लेखन.

मला मात्र ऊर्जेच्या हिशेबातली एक गोष्ट फार आवडते, आणि ती पुस्तकं सहसा वेगळी काढून सांगत नाहीत. घर्षणाचं काम μ·mg·cosθ·s. यातला s·cosθ म्हणजे फळीची जमिनीवर पडणारी सावली, 1.6 मीटर. त्याची निम्मी 0.8. म्हणजे 1.2 मीटर उंचीपैकी 0.8 मीटर घर्षणाला गेली, 0.4 मीटर हाती राहिली. जणू पेटी घर्षणाशिवाय 0.4 मीटरवरून पडली. गॅलिलिओच्या दुसऱ्या वाक्याला घर्षण जोडून वाचता येतं ते असं.

पद्धतींतला खरा फरक फळी एकसारखी नसताना कळतो. पेटीचा वेग आवरायला काही जण फळीच्या खालच्या टोकाला पोतं अंथरतात. समजा शेवटच्या अर्ध्या मीटरवर पोतं आहे आणि तिथे घर्षणांक 0.9. सावल्या 1.2 आणि 0.4 मीटर, म्हणून गेलेली उंची 0.6 + 0.36 = 0.96, उरली 0.24. v² = 4.7, वेग 2.17. दोन बेरजा आणि उत्तर. बल-गती पद्धतीनं दोन टप्पे करावे लागतात: पहिल्यात त्वरण 1.96, दुसऱ्यात −1.18, आणि मधल्या जागी वेग काढून पुढे न्यायचा. उत्तर तेच. पण पेटी किती वेळात आली हे विचारलं तर ऊर्जेचं सूत्र गप्प बसतं, तिथे टप्पेच लागतात. फळी वाकलेली असेल तर सावलीची युक्तीही चालत नाही, कारण वक्रावर लंब बल वेगासोबत बदलतं.

मुलांच्या वह्यांत तीच तीच चूक सापडते. गुरुत्वाचं काम एकदा mgh म्हणून स्थितिज ऊर्जेत धरलं जातं आणि दुसऱ्यांदा गुरुत्व बलाचं काम म्हणून. वेग मग घर्षणहीन पडण्याच्या 4.85 पेक्षाही जास्त येतो, आणि एवढ्यावरूनच चूक ओळखता येते. दुसरी चूक लंब बल mg धरण्याची. तिथे घर्षण 98 न्यूटन, त्याचं काम 196 ज्यूल आणि उत्तर 1.98 येतं. हे उत्तर दिसायला रास्त असल्यानं पटकन सापडत नाही.

पण सर्वांत फसवी चूक आकडेमोडीत नाही. पेटी थांबलेली असताना लागणारा घर्षणांक 0.8 असेल, तर 0.75 च्या उतारावर ती हलणारच नाही. सरकतानाचा 0.5 घालून सूत्र तरीही 2.8 सांगेल, कारण प्रमेय पेटी निघाली असं धरूनच चालतं. ती निघते का, हे आधी बलांनीच तपासावं लागतं. कळमन्यातल्या एका हमालाला मी विचारलं, फळी एवढी उतरती असून धक्का कशाला? त्याचं उत्तर, 'आपोआप नाही सरकत सर, सुरुवातीले धक्का द्याच लागते.' ऑयलरचा भेद त्यानं तळव्यानं शिकला होता.

आता त्या 156.8 ज्यूलबद्दल. प्रमेयात आपण 'घर्षणाचं काम' लिहितो, तेव्हा पेटी एक बिंदू आहे असं धरलेलं असतं. वेग बरोबर येतो, पण उष्णता पेटीच्या बुडाला किती आणि फळीला किती गेली, हे त्या ओळीतून कळत नाही. सरकत्या घर्षणात खऱ्या संपर्कबिंदूंवर होणारं काम आणि पुस्तकातलं f·s एकच नसतं. हा मुद्दा 1984 मध्ये शेरवुड आणि बर्नार्ड यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये उलगडून मांडला. आपल्या पेटीपुरतं, निम्मी उष्णता बुडाच्या किलोभर लाकडात गेली असं धरलं तरी तापमान साधारण 0.05 अंशानं वाढतं. खालच्या माणसाच्या पोटाला ते काही जाणवत नाही.