वेगाने पळणारी कढई : पाककृतीच्या व्हिडिओत वेळ आवळण्याची पार्श्वभूमी

बासुंदीचा व्हिडिओ करायचा, तर दोन लिटर दूध आटायला लागणारा पाऊण तास कुठेतरी घालवावा लागतो. आज मोबाइलवरच तो तुकडा निवडून साठपट पळवता येतो, आणि साखर घालायची वेळ आली की व्हिडिओ पुन्हा नेहमीच्या वेगावर आणता येतो. एकाच शॉटमध्ये वेग असा कमी-जास्त करण्याची सोय मात्र फार उशिरा आली. त्याआधी वेळ आवळायच्या दोन वेगळ्या वाटा होत्या. आजच्या व्हिडिओत जे दोष दिसतात त्यांतले बरेचसे या वाटा बदलताना काय सुटून गेलं, त्यातून आले आहेत.

पहिली वाट कॅमेऱ्यातली. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. दांड्याच्या एका फेरीत आठ फ्रेम पुढे सरकत आणि सेकंदाला दोन फेऱ्या असा सराव असे, म्हणजे सेकंदाला सोळा फ्रेम. दांडा सेकंदाला एकच फेरी फिरवला की आठ फ्रेम टिपल्या जात, आणि पडद्यावर तेच दृश्य दुप्पट वेगाने पळे. काही कॅमेऱ्यांना एका फेरीत एकच फ्रेम टिपण्याची वेगळी सोय असे. वनस्पतींची वाढ दाखवणाऱ्या फिल्म अशाच थांबत थांबत टिपलेल्या फ्रेममधून तयार झाल्या. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ती छोटी फिल्म दाखवूनच त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. डोळ्याला न दिसणारी संथ क्रिया दिसेल इतकी आवळायची, हे काम आपल्याकडे इतकं जुनं आहे.

दांडा हळू फिरवला की शटरही हळू फिरे, आणि म्हणून प्रत्येक फ्रेमवर प्रकाश जास्त वेळ पडे. छायाचित्रकाराला भिंगाचं छिद्र त्या प्रमाणात लहान करावं लागे. पण त्याचा फायदा असा की हलणारा हात फ्रेममध्ये थोडा फिसकटलेला उमटे आणि पडद्यावरची घाई डोळ्याला सलग वाटे. अडचण एकच होती. वेग चित्रीकरणाच्या वेळी ठरवावा लागे. दांडा हळू फिरवत असताना मधेच महत्त्वाची कृती आली, तर तीही पळालेलीच मिळे. पुढे प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटरवर एक आड एक फ्रेम छापून वेग नंतर वाढवणं शक्य झालं, पण ते खर्चिक काम होतं आणि स्वयंपाकाच्या कार्यक्रमावर कोणी ते करत नसे.

दूरदर्शनच्या काळात दुसरी वाट आली, ती म्हणजे अदलाबदल. 1956 मध्ये आलेल्या दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेपवरून ठरावीक वेगाखेरीज दुसऱ्या वेगाने स्वच्छ चित्र काढताच येत नसे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक इंची टेप आली तेव्हा कुठे वेग बदलून चित्र दाखवणं सोपं झालं. त्यामुळे स्टुडिओतल्या स्वयंपाकघरात वेळ पळवत नसत, सरळ गाळत. ओट्याखाली किंवा बाजूच्या मेजावर त्याच पदार्थाच्या दोन-तीन अवस्था आधीच करून ठेवलेल्या असत. कच्चं मिश्रण ओव्हनमध्ये गेलं की दुसऱ्या क्षणी भाजलेला केक बाहेर येई. अमेरिकेत 1963 पासून ज्युलिया चाइल्ड यांचा कार्यक्रम याच पद्धतीने होत असे, आणि 1993 पासून झी टीव्हीवर संजीव कपूर यांच्या कार्यक्रमानेही आपल्याकडच्या घराघरांत हीच रीत रुजवली.

ही रीत आखीव आणि स्वच्छ होती, यात शंका नाही. पण जे शिकायचं असतं तेच तिच्यात हरवे. कांदा गुलाबी असताना कट घेतला आणि पुढच्या शॉटमध्ये तो तांबूस दिसला, तर मधे रंग कसा बदलत गेला हे पाहणाऱ्याला कळत नाही. बासुंदीत तर ‘निम्मं होईपर्यंत आटवा’ म्हणून थेट घट्ट दूध दाखवलं की कडेची साय किती वेळा आत ढकलली, हा बासुंदीचा जीवच निघून जातो.

हे बदलायला संगणकावरचं संकलन यावं लागलं. आधी संगणकावर अख्ख्या क्लिपला एकच वेग देता येई. वेगळा वेग हवा तर क्लिप कापून तुकडे करावे लागत. 2003 मध्ये फायनल कट प्रो 4 मध्ये आणि 2007 मध्ये प्रीमियर प्रो सीएस3 मध्ये एकाच क्लिपच्या आत ठिकठिकाणी खुणा ठेवून वेग हवा तिथे वाढवणं-उतरवणं शक्य झालं. प्रीमियरमध्ये हे वापरताना एक गोष्ट आजही फसवते: अशा बदलाचा परिणाम फक्त चित्रावर होतो, आवाज आपल्या मूळ वेगानेच चालत राहतो. म्हणून नॉर्मल वेगावर परतल्यावर फोडणी दिसते एकीकडे आणि तडतड ऐकू येते भलतीकडे. आवाज वेगळा करून, कापून, त्या त्या कृतीखाली पुन्हा बसवावा लागतो.

यानंतर माध्यमांनी घाई वाढवली. इन्स्टाग्रामवर 2013 मध्ये व्हिडिओ आला तो पंधरा सेकंदांचा. 2015 मध्ये टेस्टी या पाककृतींच्या ऑनलाइन चॅनेलने वरून टिपलेले, फक्त हात दिसणारे, आवाजाशिवायही समजणारे पळते व्हिडिओ लोकप्रिय केले. भारतात जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स इथे सुरू झाले, तेही आधी पंधरा सेकंदांचेच. एवढ्याशा जागेत बसवायला सगळंच पळवायची सवय लागली, आणि नेमकी मुख्य कृतीही त्यात वाहून गेली. शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांची झाल्यावर कुठे काय पळवायचं आणि काय नाही, हे ठरवायला पुन्हा जागा मिळाली आहे.

साठ मिनिटांची बासुंदी तीन मिनिटांत बसवून पाहू. कॅमेरा ट्रायपॉडवर, एकाच जागी. दूध ओतल्यापासून पहिली उकळी येईपर्यंत साधारण बारा मिनिटं, रुंद कढईत मध्यम आचेवर निम्मं होईपर्यंत चाळीस, आणि साखर घातल्यावर आठ. पहिली बारा मिनिटं साठपट पळवली की बारा सेकंद होतात. उकळी वर येते आणि आच कमी केली जाते, तिथे नॉर्मल वेगावर बारा सेकंद. आटवण्याची चाळीस मिनिटं दोन भागांत साठपटीने, म्हणजे वीस-वीस सेकंद. मधे एकदा कडेची साय खरवडून आत ढकलताना पंधरा सेकंद नॉर्मल. निम्मं झाल्यावर पळीच्या पाठीवर दूध चिकटतं का, हे दहा सेकंद. साखर घातल्याबरोबर दूध पुन्हा पातळ होतं, आणि नवख्याला इथेच वाटतं की काहीतरी बिघडलं. म्हणून इथे पंधरा सेकंद नॉर्मलच ठेवायचे. शेवटची आठ मिनिटं तीसपटीने सोळा सेकंदांत आणि तयार बासुंदीचे दहा. बेरीज सव्वादोन मिनिटांच्या आतच राहते. हाताची तीच ती हालचाल चालू असेल तोवर पळवायचं, आणि आच, पदार्थाचा घट्टपणा किंवा रंग बदलणार असेल तिथे थांबायचं, हा यामागचा हिशोब आहे.

वेग बदलण्याची जागाही महत्त्वाची. पळवण्याआधी ढवळण्याचे दोन-तीन फेरे नॉर्मल दाखवले की पुढे काय पळतंय हे कळतं, आणि मुख्य कृतीच्या एक-दीड सेकंद आधीच नॉर्मलवर परत यावं. वेग एका झटक्यात न बदलता अर्ध्या सेकंदात चढवला-उतरवला तर डोळ्याला धक्का बसत नाही.

आता दोषांकडे. संपादनात आठपट वेग म्हणजे दर आठ फ्रेममधली एक ठेवायची आणि सात टाकायच्या. उरलेली फ्रेम लहान शटरने टिपलेली, अगदी रेखीव. जुन्या कॅमेऱ्यातलं फिसकटणं तिच्यात नसतं. म्हणून हात उड्या मारत चालल्यासारखा दिसतो. चिरताना याहून विचित्र प्रकार होतो. सुरी सेकंदाला तीनदा पडत असेल आणि व्हिडिओ सेकंदाला तीस फ्रेमचा असेल, तर एका घावाला दहा फ्रेम लागतात. दहापट वेग दिला की प्रत्येक उरलेली फ्रेम घावाच्या त्याच टप्प्यावरची येते: सुरी जवळपास स्थिर आणि कांदा आपोआप कमी होताना दिसतो. आठपट केलं तर सुरी हळूहळू उलटी चालल्याचा भास होतो, बारापट केलं की पुन्हा सुलटी. माणसाचा हात यंत्रासारखा एकसारखा चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हे मधूनमधून दिसतं, पण दिसलं की वेगाचा आकडा थोडा बदलावा.

टाकल्या जाणाऱ्या फ्रेम पूर्ण फेकून न देता त्यांची सरासरी काढली, तर जुनं फिसकटणं बऱ्यापैकी परत मिळतं. मोफत मिळणाऱ्या `ffmpeg` मध्ये ते असं होतं, इथे आठपट वेगासाठी:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "fps=30,tmix=frames=8,setpts=PTS/8,fps=30" -an out.mp4
```

`tmix` आठ फ्रेम मिसळतं, `setpts` वेळ आठाने भागतं आणि `-an` आवाज काढून टाकतं. आठपट वेगाचा आवाज तसाही कामाचा नसतो. सुरुवातीचं `fps=30` मुद्दाम आहे: मोबाइल बऱ्याचदा फ्रेम कमी-जास्त अंतराने टिपतो, त्या आधी समान कराव्या लागतात. साठपटीला मात्र साठच्या साठ फ्रेम मिसळू नयेत, हात धुक्यासारखा विरून जातो. आठ ते सोळा पुरतात.

एक दोष संपादनात सुधारणं फार अवघड असतं. कॅमेरा ऑटोवर असला की पांढरं दूध आणि काळी कढई यांच्यात हात आला-गेला तसा तो उजेड आणि रंग बदलत राहतो. नॉर्मल वेगावर हे लक्षातही येत नाही. साठपट झाल्यावर चित्र दिव्यासारखं लुकलुकतं. म्हणून चित्रीकरणाआधी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करावा, शक्य असेल तर व्हाइट बॅलन्सही. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, तेव्हा शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं. 1/60 ठेवलं तर हळू सरकणारे पट्टे येतात आणि पळवल्यावर त्यांचीच लुकलुक होते.

पळवलेल्या प्रत्येक तुकड्यावर खरा लागलेला वेळ, ‘20 मिनिटं, मध्यम आच’ असा, लिहावा. अदलाबदलीच्या काळात सूत्रधार हे तोंडाने सांगत असे. पळत्या व्हिडिओत ते सांगणारं कोणी उरत नाही, आणि पाहणारा वीस सेकंदांत आटलेलं दूध पाहून आच मोठी करतो.