शंभर वजा वय: हा हिशोब आला कुठून आणि त्याच्याऐवजी काय धरायचं

यंदा गणपतीला दादरला ताईकडे जमलो होतो, तेव्हा माझे भाऊजी आणि माझा मावसभाऊ बंडूदादा दोघंही याच वर्षी 58 पूर्ण करून रिटायर झालेले, आणि दोघांनाही आपापल्या बँकेतल्या माणसाने एकच उत्तर दिलेलं की शंभरातून वय वजा करा, 42 टक्के शेअरमध्ये ठेवा, बाकी एफडी. भाऊजी मंत्रालयातले, 2005 च्या आधी लागलेले म्हणून जुनी पेन्शन. बंडूदादा अंधेरीला प्रायव्हेट कंपनीत. दोघांकडे हातात साधारण 1 कोटी आणि घरखर्च दोघांचाही महिना 65 हजारांच्या आसपास. एवढी वेगळी परिस्थिती आणि टक्का मात्र एकच, हे मला पटेना, म्हणून या नियमाच्या मुळाशी जायचं ठरवलं.

हा नियम कोणी एका माणसाने शोधून काढला असं काही नाही. अमेरिकेत सल्लागार मंडळी तो तोंडी हिशोब म्हणून वापरत आली, आणि व्हॅनगार्ड ही म्युच्युअल फंड कंपनी काढणारे जॉन बोगल यांनी 1990 च्या दशकात तोच उलटा करून सांगितला, की तुमच्या वयाएवढे टक्के बॉंडमध्ये, म्हणजे ठरलेलं व्याज देणाऱ्या रोख्यांमध्ये ठेवा. त्यांनीसुद्धा ही नुसती सुरुवात आहे, पुढे आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदला असंच म्हटलं होतं. आणखी एक गोष्ट ते सांगायचे जी इकडे येताना गळून पडली, ती म्हणजे तिथली सरकारी सोशल सिक्युरिटी पेन्शन ही बॉंडसारखीच धरायला हवी. ती पेन्शन 1975 पासून महागाईप्रमाणे आपोआप वाढते. म्हणजे तिकडच्या माणसाने 42 टक्के शेअरमध्ये ठेवले तरी त्याच्या पायाखाली महागाईबरोबर वर सरकणारी एक फळी आधीच असते. आपल्याकडे प्रायव्हेट नोकरीवाल्याला ती फळी जवळजवळ नाहीच. पीएफबरोबरची जी ईपीएस पेन्शन असते तिच्यात पगाराची मर्यादा 15 हजार, सूत्र म्हणजे पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70, त्यामुळे पूर्ण 35 वर्षं धरली तरी महिना 7,500, आणि 2014 च्या आधीच्या वर्षांना मर्यादा याहूनही कमी होती म्हणून बंडूदादाच्या हातात येतात जेमतेम 5 हजार, तेही महागाईप्रमाणे न वाढणारे.

पण मुळात वयाचा संबंध शेअरशी का लावला? नेहमीचं उत्तर असं की तरुणाकडे वेळ असतो, मार्केट पडलं तरी सावरतं. यावर अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन 1963 पासून वाद घालत होते. त्यांनी एका सहकाऱ्याला पैज देऊ केली, नाणं उडवायचं, जिंकलास तर 200 डॉलर, हरलास तर 100 जातील. तो म्हणाला एकदा नको, पण शंभर वेळा उडवणार असशील तर खेळतो. सॅम्युएल्सन यांचं म्हणणं की हे चुकीचं आहे, कारण जास्त वेळा खेळलं की तोट्यात जायची शक्यता कमी होते हे खरं, पण पडलाच तर खड्डा जास्त खोल असतो. मग 1969 साली त्यांनी आणि रॉबर्ट मर्टन यांनी वेगवेगळं गणित करून दाखवलं, की माणसाकडे फक्त साठवलेला पैसा असेल, पगार नसेल, जोखीम घ्यायची वृत्ती बदलत नसेल आणि मार्केटची चाल आधी ओळखता येत नसेल, तर शेअरचा टक्का तिशीत आणि सत्तरीत सारखाच यायला हवा. म्हणजे नुसतं वय वाढलं म्हणून काहीही बदलत नाही! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोटंच वाटलं होतं.

या सगळ्यातली खरी चावी त्या 'पगार नसेल' मध्ये आहे. 1992 मध्ये झ्वी बोडी, मर्टन आणि सॅम्युएल्सन या तिघांनी पगार हिशोबात घेतला. तिशीतल्या माणसाची सर्वात मोठी मालमत्ता बँकेत नसते, ती म्हणजे पुढच्या 30 वर्षांचा यायचा पगार, आणि नोकरी स्थिर असेल तर तो बराचसा बॉंडसारखा वागतो, दर महिन्याला येतो. म्हणून त्याने साठवलेला थोडासा पैसा जवळजवळ सगळा शेअरमध्ये घातला तरी एकूणात तो फार धोक्यात नसतो. वय वाढतं तसा यायचा पगार आटत जातो आणि म्हणून शेअर कमी करायचे. शिवाय गरज पडली तर जास्त काम करायची मुभा असेल तर आणखी जोखीम पेलता येते, हेही त्यांनी दाखवलं. पुढे 1996 मध्ये रवी जगन्नाथन आणि नारायण कोचरलाकोटा यांनी म्हाताऱ्यांनी शेअर कमी का ठेवावेत याची लोक देतात ती कारणं एकेक करून तपासली, आणि टिकलं ते हेच, यायच्या पगाराचं कारण.

म्हणजे वय हे नुसतं चिन्ह होतं, खरी गोष्ट होती पुढे किती पैसा खात्रीने येणार आहे ती. पण चिन्ह सोपं असतं, फॉर्मवर लिहिता येतं, म्हणून तेच पुढे गेलं. अमेरिकेत 1994 पासून वयाप्रमाणे आपोआप शेअर कमी करणारे फंड निघाले. आपल्याकडे एनपीएस ही पेन्शन योजना 2009 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, त्यातल्या ऑटो चॉइसमध्येही तोच विचार आहे, मधल्या पर्यायात 35 व्या वर्षापर्यंत 50 टक्के शेअर आणि तिथून दरवर्षी 2 टक्के कमी होत 55 ला 10 टक्के. लाखो लोकांना एकच साचा लावायचा तर वयाशिवाय दुसरं काही हाताशी नसतं हे मला मान्य आहे, पण घरी बसून हिशोब करणाऱ्याला ती अडचण नाही.

मग आम्ही कॅलेंडरच्या कोऱ्या पानामागे काय केलं ते सांगतो. आधी महिन्याचा खर्च लिहिला, त्यातून खात्रीचं उत्पन्न वजा केलं, उरली ती तूट. ही तूट किती वर्षांची सुरक्षित ठेवायची तर आम्ही 7 धरली, कारण सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांच्या पुढे गेला, मार्च 2009 ला 8 हजारांच्या घरात होता, आणि 2010 मध्ये वर जाऊन परत घसरल्यावर जुना उच्चांक खऱ्या अर्थाने मागे टाकला तो 2013 च्या शेवटी, म्हणजे जवळपास 6 वर्षं. त्यावर एक वर्ष जास्त. एफडीचं व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं मानून सगळे आकडे आजच्या रुपयात ठेवले. दोघांच्याही नावे 10 लाख दवाखान्यासाठी वेगळे.

भाऊजींची पेन्शन 60 हजार, डीए वाढेल तशी वाढणारी. तूट महिना 5 हजार, वर्षाला 60 हजार, 7 वर्षांचे 4 लाख 20 हजार, अधिक दवाखान्याचे 10 लाख. म्हणजे 85 लाखांपर्यंत शेअर त्यांना पेलू शकतात. 42 नाही, 85. बंडूदादाची तूट 60 हजार, वर्षाला 7 लाख 20 हजार, 7 वर्षांचे 50 लाख 40 हजार, अधिक 10, म्हणजे शेअरसाठी उरतात 40 लाखांच्या आत. बघा, त्याच्या बाबतीत नियमाचा आकडा जवळपास बरोबर आला, पण तो योगायोगाने आला आणि खरी अडचण त्याने झाकून टाकली. 1 कोटी भागिले 7 लाख 20 हजार म्हणजे जेमतेम 14 वर्षं, 58 अधिक 14 बरोबर 72. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, 84 वर्षांची, त्याच खोलीत बसून मोदकाची पारी वळत होती. टक्केवारीत हे कधीच दिसत नाही, कारण पैसा पुरेसा आहे असं ती गृहीतच धरते. तूट रुपयात लिहिली की लगेच दिसतं.

इथे 1992 चा तो मुद्दा कामाला आला. बंडूदादाला जुन्या कंपनीत सल्लागार म्हणून 35 हजारांवर 4 वर्षं काम मिळू शकतं. तसं झालं तर तूट 60 वरून 25 हजार, वर्षाला 3 लाख. मग 7 वर्षांची गरज म्हणजे 4 वर्षांचे 12 लाख आणि नंतरच्या 3 वर्षांचे 21 लाख 60 हजार, एकूण 33 लाख 60 हजार, दवाखान्याचे धरून 43 लाख 60 हजार. शेअरची जागा 40 वरून 56 लाखांवर गेली. वय तेच 58, नियमाचा आकडा तोच 42, पण एका कामामुळे 16 लाखांचा फरक पडला, कारण त्या 4 वर्षांत साठ्यातले तेवढे पैसे खर्च व्हायचे वाचतात.

हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा आहे, तेवढं घालायलाच हवं असं नाही. म्हणून शेवटी एक तपासणी करायची: शेअरचे निम्मे करून रुपयात बघायचे. भाऊजींना विचारलं, 85 चे 42 झाले तर? घर चालेल, पेन्शन आहे, पण ते गप्पच झाले, मग ताईच म्हणाली, "अहो, तुम्ही 2008 ला 3 लाख पडले तर आठवडाभर जेवला नव्हतात." तिथे आम्ही 50 वर थांबलो. पेलण्याची ऐपत आणि पेलण्याची तयारी यातली जी कमी असेल ती धरायची, ऐपत हिशोबातून कळते पण तयारी अशी बायकोकडून कळते.

मग दरवर्षी काय करायचं, तर मार्केट आपल्या उच्चांकाच्या आसपास असेल तेव्हा त्या वर्षीची तूट शेअर विकून भरायची आणि 7 वर्षांचा साठा तसाच ठेवायचा. मार्केट उच्चांकावरून 15-20 टक्के खाली असेल तर शेअरला हात लावायचा नाही, साठ्यातून खायचं, आणि सावरलं की साठा परत भरायचा. चूक होते ती इथे, लोक चांगल्या वर्षी साठा भरत नाहीत कारण वर जाणारं विकावंसं वाटत नाही. साठा 3 वर्षांच्या खाली आला आणि मार्केट अजून खालीच असेल तर खर्च कमी करायची वेळ आली असं समजायचं, कारण 7 हा काही देवाने दिलेला आकडा नाही. एप्रिल 1992 ला सेन्सेक्स साडेचार हजारांच्या आसपास होता, मध्ये काही वेळा त्याच्या वर जाऊन आला, आणि एप्रिल 2003 ला 3 हजारांच्या घरात होता. 11 वर्षं! डिव्हिडंड धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण महागाई धरली की परत वाईट.

बंडूदादाने कंपनीला मेल टाकलाय, उत्तर दिवाळीच्या आधी यायला हवं. ते येईपर्यंत 40 लाखांचाच हिशोब धरायचा ठरलंय, आणि सुरक्षित भागातले 30 लाख सिनियर सिटीझन स्कीममध्ये जातायत, 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतील. त्याला 60 पूर्ण नाहीत, त्यामुळे निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडावं लागतं, म्हणून गौरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याच्याबरोबर पोस्टात जाऊन फॉर्म आणला.