सील झाल्यावर खाण रिकामी का करतात? मौराच्या तीन स्फोटांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात आज भूमिगत कोळसा खाणीचा एखादा भाग भिंती घालून सील केला की लगेच एक प्रश्न विचारला जातो: आतला मिथेन वायू ज्या प्रमाणात स्फोट होतो तो पट्टा ओलांडेपर्यंत माणसे कुठे असतील? हा प्रश्न कोणत्याही उपकरणाबरोबर आलेला नाही. मौरा या एकाच परिसरात एकोणीस वर्षांत छत्तीस माणसे गेली, त्यातून तो आला.

पहिला स्फोट २० सप्टेंबर १९७५ रोजी कियांगा खाणीत झाला. कोळसा आपोआप तापून पेटला होता, आणि तो भाग बंद करण्याचे काम चालू असताना १३ जण गेले. दुसरा १६ जुलै १९८६ चा, मौरा क्रमांक ४ मधला, त्यात १२ जण गेले. त्या वेळी मिथेन पेटवणारी ठिणगी बहुधा वायू तपासायच्या ज्योतीच्या सुरक्षा दिव्यातूनच आली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ज्या दिव्याने वायू ओळखायचा, त्याच दिव्याने तो पेटावा, याने वाचणारा थबकतो. त्यानंतर क्वीन्सलँडच्या खाणींत दिव्याची जागा इलेक्ट्रॉनिक मोजमापाने घेतली. पण मौराच्या तिसऱ्या स्फोटात मोजमापाची उणीव नव्हती.

मौरा क्रमांक २ मध्ये ५१२ नावाच्या पॅनलमधून, म्हणजे खाणीच्या एका भागातून, कोळसा काढणे १९९४ च्या ऑगस्टमध्ये संपत आले होते. या खाणीत नळ्यांची यंत्रणा होती. खाली ठिकठिकाणी बारीक नळ्यांची तोंडे, वर पंप आणि विश्लेषक. पंप आळीपाळीने एकेका जागची हवा वर ओढतो आणि विश्लेषक मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन मोजतो. ५१२ मध्ये काही आठवडे कार्बन मोनॉक्साइड चढत होता. कधी आत गेलेल्यांना डांबरासारखा वास आला, कधी धूसर झाक दिसली. कोळसा तापू लागल्याची ही जुनी खूण आहे. मात्र प्रत्येक खुणेला एक निरुपद्रवी स्पष्टीकरणही सापडत गेले.

इथे आकड्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. खाणीत फिरून बाहेर पडणाऱ्या परतीच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दहा लाखात १० भाग आहे आणि दर सेकंदाला २० घनमीटर हवा वाहते, असे समजा. म्हणजे मिनिटाला १२ लाख लिटर हवा आणि त्यात सुमारे १२ लिटर कार्बन मोनॉक्साइड. आता हवा दुप्पट केली तर वाचन ५ वर येईल, पण कोळसा अजूनही मिनिटाला तेवढेच १२ लिटर देत असेल. वाचन अर्ध्यावर आले म्हणून आग निम्मी झाली असे नाही. म्हणून अनुभवी माणूस मिनिटाला किती लिटर निघतात ते पाहतो. त्या काळच्या मार्गदर्शक नियमांत साधारण १० लिटरला चौकशी आणि २० लिटरला गंभीर धोका धरला जाई. ठरावीक आकड्याहून सलग चढण महत्त्वाची, असे मला वाटते. नऊवर असलेला पण रोज वाढणारा आकडा दहावर स्थिर असलेल्यापेक्षा वाईट.

ठरल्या वेळेआधीच, रविवार ७ ऑगस्टच्या पहाटे ५१२ सील झाले. आग विझवायचा तोच मार्ग होता. तिची हवा तोडायची. पण हवा तोडली की वाहून जाणारा मिथेनही आत साठू लागतो. हवेत मिथेन सुमारे ५ टक्क्यांच्या खाली असेल तर पेटत नाही, १५ च्या वर गेला तरी पेटत नाही, मधल्या पट्ट्यात पेटतो. ऑक्सिजन साधारण १२ टक्क्यांच्या खाली उतरला तर कुठल्याही प्रमाणात पेटत नाही. सील केलेला भाग पुढे मिथेनने भरून आणि ऑक्सिजन कोळशाने शोषून सुरक्षित होतो, पण तिथे पोहोचण्यासाठी स्फोटक पट्टा ओलांडावाच लागतो. ५१२ मध्ये हा पट्टा ओलांडताना आत तापलेला कोळसा होता आणि बाहेरच्या बाजूला खाणीत रात्रपाळीची माणसे होती.

रात्री ११:३५ ला स्फोट झाला तेव्हा २१ जण खाली होते. दहा बाहेर आले, अकरा आले नाहीत.

सुटका पथके तयार होती. खाली जायचे की नाही याचा निर्णय त्याच वाचनांवर अवलंबून होता, आणि स्फोटानंतर वाचनेच संशयास्पद होतात. नळी तुटली तर ज्या जागेची हवा मिळते असे वाटते ती वेगळ्याच जागेची असते. फट पडली तर वाटेतली चांगली हवा मिसळते. याची खूण म्हणजे ऑक्सिजन अनपेक्षितपणे वर आणि बाकी सगळे वायू एकदम कमी. शिवाय लांब नळीतून नमुना वर यायलाच बराच वेळ लागतो, म्हणजे पाहिलेला आकडा मघाचा असतो. ९ ऑगस्टच्या दुपारी १२:२० ला दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. प्रयत्न थांबवण्यात आले, खाणीची तोंडे बंद केली आणि अकराही जण आतच राहिले.

जानेवारी १९९६ च्या चौकशी अहवालात उपकरणांपेक्षा निर्णयाच्या साखळीवर अधिक बोट ठेवले होते. वाढते आकडे, वास, सील करण्याची घाई, हे वेगवेगळ्या माणसांना तुकड्यातुकड्यांत माहीत होते, पण ते एकत्र करून माणसांना वर काढण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. यातून १९९९ चा कायदा आणि २००१ चे नियम आले. वायुवीजनाचा स्वतंत्र अधिकारी ठेवायचा. कुठल्या वाचनाला कोणी काय करायचे हे कामगार खाली जाण्याआधीच लिहून ठेवायचे. सील केलेल्या भागात स्फोटक हवा असताना आणि ती पेटण्याची शक्यता असताना कुणी खाली राहणार असेल, तर सील ३४५ किलोपास्कल दाब सोसणारे हवे. तसे नसेल तर माणसे वर. साध्या हवेत मिथेन १.२५ टक्के झाला की वीज बंद, २.५ झाला की माणसे बाहेर. भारतीय कोळसा खाण नियमांतही ०.७५ आणि १.२५ टक्क्यांच्या मर्यादा आहेत, चंद्रपूर-वणीच्या भूमिगत खाणीत देखरेख करणारा सरदार वायू तपासताना त्याच डोक्यात ठेवतो.

वर काढणे यामुळे सोपे झाले. परत जाणे सोपे झाले नाही, कारण इशारा बंद पडणे म्हणजे धोका गेला असे नाही. मिथेन मोजणारा नेहमीचा सेन्सर तापलेल्या मण्यावर वायू जाळून चालतो, त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत तो कमी दाखवतो, आणि मिथेन फारच जास्त असेल तर आकडा उलटा खाली येऊ शकतो. म्हणून परत जाण्याआधी मिथेनबरोबर ऑक्सिजनही पाहतात, दोन्ही एकाच आलेखावर मांडतात आणि एका वाचनावर नव्हे, तर काही तासांच्या वाटचालीवर निर्णय घेतात. हवेचा दाब पडत असेल तर बंद भागातला वायू बाहेर येतो, तेव्हा थांबतात.

न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर खाणीत ही लिहून ठेवलेली शिस्त नव्हती. तिथे १९ नोव्हेंबर २०१० च्या स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात असल्याच्या २१ नोंदी झाल्या होत्या, आणि काम चालूच राहिले. २९ जण गेले. सुटका पथकांनी जायला हवे होते की नाही यावर तिथे बरीच कडवट चर्चा झाली, पण २४ नोव्हेंबरला दुसरा स्फोट झाला तेव्हा पथकांतले कुणी आत नव्हते. नायट्रोजन भरून आत जाणे २०१९ च्या मे महिन्यात सुरू झाले, आणि ते प्रवेश बोगद्याच्या सुमारे सव्वादोन किलोमीटरवर, छत कोसळलेल्या जागी थांबले. मुख्य कामाच्या जागेपर्यंत कुणी पोहोचले नाही.