पेट्रोल पंपाचे छत, लेबले व दरफलक (छायाचित्रातील स्थळकाळनिश्चिती)

रस्त्यावरच्या छायाचित्राचे ठिकाण आणि काळ ठरवताना भारतात पेट्रोल पंपाचा उपयोग होतो. मात्र सगळ्यात आधी नजरेत भरणारे छतच सर्वांत कमी सांगते. इंडियन ऑइलचे केशरी, हिंदुस्थान पेट्रोलियमचे निळे-लाल आणि भारत पेट्रोलियमचे पिवळे-निळे छत देशभर सारखेच असते. शिवाय रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत केशरी आणि पिवळा यांत गल्लत होते. खासगी पंपांवरून काळ मात्र कळतो: हिरवा जिओ-बीपी पंप दिसला, तर छायाचित्र ऑक्टोबर २०२१ नंतरचे.

छत चौकटीबाहेर राहिले असेल, तर यंत्रावरील लेबल पाहावे. एक्सपी ९५ इंडियन ऑइलचे, स्पीड भारत पेट्रोलियमचे, पॉवर हिंदुस्थान पेट्रोलियमचे. सीएनजीचे नाव त्याहून उपयोगी, कारण गॅस कंपन्यांना ठरावीक भौगोलिक क्षेत्रे दिलेली असतात. महानगर गॅस म्हणजे मुख्यतः मुंबई, ठाणे, रायगड हा पट्टा. एमएनजीएल दिसले तर आधी पुणे तपासावे, मग नाशिक वगैरे.

खरा पुरावा दरफलकावर असतो. राज्याचा व्हॅट आणि डेपोपासूनची वाहतूक यांमुळे दर गावोगाव बदलतो, म्हणून पैशांपर्यंतचे आकडे वाचावेत. समजा, मराठी पाट्यांच्या रस्त्यावरील फलकावर पेट्रोल १०६.३१ आणि डिझेल ९४.२७ आहे. मुंबईत हे दर जुलै २०२२ च्या मध्यापासून मार्च २०२४ मधील दोन रुपयांच्या कपातीपर्यंत टिकले. पण नुसते पेट्रोल पाहून मुंबई म्हणणे घाईचे, कारण पुण्या-नागपुरातही ते १०६ च्याच आसपास होते. निर्णय दोन्ही दरांतल्या फरकावर होतो. इथे तो १२.०४ आहे. तेव्हा मुंबई, ठाणे व नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के, तर उर्वरित राज्यात २१ टक्के व्हॅट होता. त्यामुळे बाहेर हा फरक साडेतेरा रुपयांच्या आसपास पडे. दूरच्या जिल्ह्यांत वाहतुकीमुळे दोन्ही दर चढत, फरक फारसा हलत नसे. १ जुलै २०२४ पासून राज्यभर व्हॅटचे दर एकसारखे झाले आणि ही खूण संपली. त्या काळात गोव्याचे साधे पेट्रोल शंभराच्या आत असल्याने सीमेवरचा गोंधळ लगेच मिटतो.

चुका बहुधा वाचनात होतात. एलईडीचे आकडे सतत लुकलुकतात. कॅमेऱ्याचा शटर वेगवान असला की एखादी पट्टी विझलेली उमटते आणि ८ चा ६, ९ किंवा ० होतो. अशा वेळी संशयित आकडा बदलून फरक पुन्हा काढावा. तो १८ किंवा ६ रुपये आला तर वाचनच चुकले. प्रीमियम पेट्रोलचा दर साध्याचा समजणे ही दुसरी नेहमीची चूक, म्हणून ओळीपुढचे नाव आधी वाचावे. नवे दर सकाळी ६ वाजता लागू होतात, त्यामुळे पहाटेच्या छायाचित्रात आदल्या दिवसाचा दर असू शकतो. बंद पंपावरचा फलक मात्र पुराव्यात धरू नये.