एएसओ वाढला म्हणजे मुलाला गठिया झाला असं नसतं

आमच्या इंदूरात मुलाचे गुडघे दुखायला लागले की कोणीतरी आर्थरायटिस प्रोफाइल करून घ्या म्हणतं, त्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर, सीआरपी, युरिक अॅसिडच्या सोबत एएसओ टायटर पण येतो, आणि मग रिपोर्टमध्ये एएसओच्या पुढे 400 असा ठळक अक्षरात आकडा दिसला की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. आजी म्हणते दही, चिंच बंद करा, शेजारचे ताईत देणाऱ्याचा पत्ता देतात, आणि कोणी कोणी तर सरळ सांगून टाकतं की आता पाच वर्षं दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीचं काम करते, आणि या आकड्याचा अर्थ इतका चुकीचा लावला जातो की नीट लिहायलाच हवं असं वाटलं.

आधी हा आकडा नेमका कशाचा ते बघू. घशात जे जंतू बसतात त्यातला एक म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस. मुलांचे बहुतेक घसे व्हायरसने दुखतात, पण साधारण चारात एका मुलाच्या दुखऱ्या घशात हा सापडतो. तो एक विष सोडतो, स्ट्रेप्टोलायसिन ओ. हे विष मला फार विलक्षण वाटतं. आपल्या पेशींच्या भिंतीत कोलेस्टेरॉल असतं, विषाचा रेणू ते शोधून त्याला चिकटतो, मग शेजारी दुसरा, तिसरा, असे तीसेक किंवा त्याहून जास्त रेणू गोल कडं करून बसतात, आणि मग सगळे मिळून भिंतीत घुसतात. भोक पडतं 25 ते 30 नॅनोमीटरचं. हिमोग्लोबिनचा रेणू असतो पाच-सहा नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्या पेशीला असं भोक पडलं की सगळं हिमोग्लोबिन बाहेर. जंतूच्या स्वतःच्या भिंतीत कोलेस्टेरॉल नसतं म्हणून त्याला स्वतःच्या विषाचा काही त्रास नाही!

या विषाला ऑक्सिजन मात्र सोसत नाही, हवेत राहिलं की निकामी होतं. शरीरात हे विष आलं की आपली प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते, आणि ती अँटीबॉडी म्हणजेच अँटीस्ट्रेप्टोलायसिन, रिपोर्टवरचा एएसओ. ती मोजायची पद्धत टॉड नावाच्या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये दिली आणि ती अगदी सरळ आहे: मुलाचं सीरम पातळ पातळ करत वेगवेगळ्या नळ्यांत घ्यायचं, प्रत्येकीत ठरलेलं विष घालायचं, मग तांबड्या पेशी घालायच्या. अँटीबॉडी पुरेशी असेल तर विष आधीच अडकलेलं असतं, पेशी फुटत नाहीत आणि तळाशी बसतात, नसेल तर नळी लाल. यातली गंमत अशी की विष हवेने खराब झालेलं असेल तर कुठलीच नळी लाल होत नाही आणि सगळ्याच मुलांचा एएसओ भरमसाट वाढलेला दिसेल, म्हणून नुसतं विष आणि पेशी असलेली एक कंट्रोल नळी ठेवतात, ती लाल झाली तरच रिझल्ट धरायचा. आता बऱ्याच लॅबमध्ये हे विष चिकटवलेले लॅटेक्सचे बारीक कण वापरतात, ते अँटीबॉडीने एकमेकांना चिकटून गोळा झाले की पॉझिटिव्ह म्हणजे साधारण 200 युनिट, सीरम निम्मं पातळ करूनही गोळा झाले तर 400, मग 800. म्हणजे मधले आकडे नाहीतच, आणि एका पायरीचा फरक तर त्याच नमुन्यात पुन्हा टेस्ट केली तरी येऊ शकतो. मशीनवर मोजलं की 387 असा नेमका आकडा येतो, पण त्याने अर्थ बदलत नाही.

अर्थ ठरतो तो वेळेवरून. अँटीबॉडी घसा दुखल्यावर लगेच वाढत नाही, आठवड्याभराने चढायला लागते, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सगळ्यात वर जाते आणि मग हळूहळू काही महिन्यांत उतरते, कधी वर्षभर पण रेंगाळते. म्हणून घसा आज दुखतोय आणि आजच एएसओ केला तर तो आजच्या घशाबद्दल काहीच सांगत नाही, वाढलेला असेल तरी तो मागच्या कुठल्या तरी घशाचा. आजच्यासाठी घशाचा स्वॅब घ्यावा लागतो. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना हा जंतू इतक्यांदा भेटतो की चांगल्या धडधाकट मुलांतही 200 च्या वर आकडा असतो, 300 च्या आसपासपर्यंत त्यांच्या वयाला नॉर्मलच धरतात, पण रिपोर्टवर छापलेली 200 ची मर्यादा सगळ्या वयांना एकच.

आता एक केस घेऊ. रामबागेतला नऊ वर्षांचा मुलगा, महिन्यापूर्वी घसा आणि ताप येऊन गेला, चार दिवसांत बरा. मग रात्री दोन्ही पोटऱ्या दुखायला लागल्या, आई तेल चोळून द्यायची, सकाळी उठून हा शाळेत पळत जायचा. एएसओ 400. इंजेक्शन सुरू करा म्हणून सल्ला पण मिळाला. मुलांच्या डॉक्टरांनी मात्र आधी सांधे हात लावून बघितले, सूज नाही, गरम नाही, हृदयात मर्मर म्हणजे जास्तीचा आवाज नाही, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर 12, इको नॉर्मल. तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा एएसओ, तोच 400. म्हणजे महिन्यापूर्वीचा घसा बहुतेक स्ट्रेपचा होता, आणि पोटऱ्यांचं दुखणं ते वाढत्या वयातलं, ज्याचा त्या जंतूशी संबंध नाही. इंजेक्शन लागलं नाही.

हाच 400 दुसऱ्या मुलात फार महत्त्वाचा ठरू शकतो. घसा होऊन दोन-तीन आठवडे झाले, गुडघा सुजून लाल, पाय टेकवत नाही, दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा सुजला, ताप, ईएसआर 60 च्या वर, तर हा ऱ्हुमॅटिक फिवर, म्हणजे स्ट्रेपनंतर सांध्यांना आणि हृदयाला सूज आणणारा आजार, असू शकतो आणि हृदयाच्या झडपा वाचवायला वेळ घालवायचा नाही. निदान जोन्स क्रायटेरिया या लक्षणांच्या ठरलेल्या यादीने करतात, पहिल्यांदा 1944 चे, शेवटची सुधारणा 2015 ची, त्यात एएसओची जागा एवढीच की स्ट्रेप येऊन गेला याचा तो पुरावा. दुखणं सांध्याचं, हृदयाचं, त्वचेचं की हातापायांच्या अनैच्छिक हालचालींचं, ते वेगळं दिसावं लागतं. आणि हृदयाला इजा करणारी अँटीबॉडी ही नाहीच. ती जंतूच्या एम प्रोटीनविरुद्धची आणि त्याच्या भिंतीतल्या साखरेविरुद्धची, ही दोन्ही हृदयाच्या स्नायूतल्या प्रोटीनशी मिळतीजुळती पडतात म्हणून ती अँटीबॉडी हृदयालाही चिकटते. एएसओ फक्त सोबत वाढतो, म्हणून पेनिसिलिन देऊन तो आकडा खाली आणायची धडपड व्यर्थ आहे, तो आपल्या चालीनेच उतरतो. ज्या मुलाला खरंच ऱ्हुमॅटिक फिवर झालाय त्याचं 21 दिवसांचं इंजेक्शन मात्र आकडा उतरला म्हणून कोणी बंद करू नये, ते आकड्यासाठी नसतंच, पुन्हा स्ट्रेप लागू नये म्हणून असतं.

उलट बाजू पण आहे. ऱ्हुमॅटिक फिवरच्या पाचपैकी एखाद्या मुलात एएसओ वाढलेला सापडतच नाही. आणि हातपाय आपोआप हलणारा कोरिया घशानंतर महिन्यांनी येतो, तेव्हा आकडा कधीच उतरून गेलेला असतो. जंतू घशात नाही, पायावरच्या फोडांत असेल तरी एएसओ फारसा चढत नाही, कारण त्वचेतलं कोलेस्टेरॉल त्या विषाला तिथेच अडकवून टाकतं आणि शरीराला अँटीबॉडी बनवायला ते पुरेसं मिळत नाही. फोडांनंतर चेहरा सुजला, लघवी लाल झाली, म्हणजे किडनीला सूज आल्यासारखं दिसलं, आणि एएसओ नॉर्मल आला तर तेवढ्यावर निश्चिंत राहू नका, डॉक्टरांना अँटी-डीनेज बी ही दुसरी टेस्ट करायची का ते विचारा, ती त्वचेच्या स्ट्रेपमध्येही चढते.