ताडपत्रीखालचे दोन लेथ

माझे मामा १९६०च्या दशकात पिंपरीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे शेडच्या मागच्या भिंतीला दोन लेथ होते, कायम ताडपत्रीखाली. तपासणीचे साहेब यायचे असले की ताडपत्री निघायची, तेल-ग्रीस व्हायचं, चक हाताने फिरवून पाहिला जायचा. साहेब मशिनं मोजून, आकडा लिहून गेले की ताडपत्री पुन्हा बसायची. त्या लेथवर एक नगही निघाला नाही, आणि ते घेतले होते कर्ज काढून. आम्ही विचारलं की मामा म्हणायचे, "अरे, ते माल काढायला नाहीत, कोटा काढायला आहेत."

हा कोटा काय होता? १९५१च्या उद्योग कायद्याने कारखाना काढायला, वाढवायला किंवा नवी वस्तू बनवायला सरकारी परवाना लागू लागला. पुढे १९५७-५८ साली परकीय चलनाची मोठी चणचण आली आणि आयातीवरचा फास आवळला गेला. काय आणायचं, किती आणायचं, कोणी आणायचं हे दरवर्षी निघणाऱ्या आयात धोरणाच्या पुस्तकात ठरायचं. त्याला सगळे रेड बुक म्हणत. मोठ्या कारखान्याला आधी दिल्लीच्या तांत्रिक विकास महासंचालनालयाकडून दोन गोष्टींची खात्री मिळवावी लागे. एक, हा माल खरंच हवा आहे. दुसरी, तो देशात मिळत नाही. मग आयात-निर्यात नियंत्रकाकडून लायसन्स. लहान कारखान्यासाठी राज्याच्या उद्योग संचालकांची शिफारस लागायची.

आणि कोणाला किती माल द्यायचा हे बऱ्याचदा ठरायचं बसवलेल्या क्षमतेवरून, म्हणजे शेडमध्ये किती यंत्रं उभी आहेत त्यावरून. आहेत तीच यंत्रं कच्च्या मालाअभावी अर्धा दिवस बंद, तरी मालक आणखी दोन विकत घेतो, कारण त्यांच्यामुळे पुढच्या वर्षीचा वाटा वाढतो. मामांचे लेथ त्यासाठी होते.

हिशेब मांडून पाहू. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. समजा १ लाख रुपयांच्या बेअरिंग स्टीलचं एक लायसन्स निघणार आहे. जकात, भाडं सगळं त्या लाखातच. तोच माल बाजारात टंचाईमुळे १ लाख ८० हजारांना जातो. म्हणजे लायसन्सच्या कागदातच ८० हजार बसले आहेत. चार कारखाने मागे लागले आणि प्रत्येकाला संधी सारखी असली, तर त्या संधीची किंमत प्रत्येकासाठी २० हजार. तेवढ्यापर्यंत खर्च करायला प्रत्येक जण तयार होईल: दिल्लीत कायमचा माणूस ठेवणं, उद्योग भवनाच्या खेपा, अर्ज लिहून देणारा सल्लागार, ताडपत्रीखालचं मशीन. चौघांचे मिळून ८० हजार गेले. एकाच्या हाती खर्च वजा जाता ६० हजार आले, तिघांचे २०-२० हजार बुडाले. चौघांची गोळाबेरीज शून्य, आणि इतक्या धावपळीतून देशात एक किलोही जादा पोलाद आलं नाही.

या फुकट गेलेल्या ८० हजारांकडे अर्थशास्त्राचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. १९५४ साली अर्नोल्ड हार्बर्गर यांनी अमेरिकेतल्या मक्तेदारीने होणारं नुकसान मोजलं, तर ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने अगदी किरकोळ निघालं. मक्तेदार जादा भाव घेतो ते पैसे ग्राहकाच्या खिशातून त्याच्या खिशात जातात, देशातच राहतात, असं ते गणित होतं. १९६७ साली गॉर्डन टुलक यांनी त्यातली चूक दाखवली. तो जादा नफा मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी लोक जे श्रम आणि पैसे ओततात, ते या गणितात धरलेच नव्हते. चोरीतही घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात जातं; पण चोराची मेहनत आणि घरमालकाची कुलपं, हा खरा तोटा असतो.

त्याला नाव दिलं अ‍ॅन क्रूगर यांनी, १९७४ साली: रेंट सीकिंग. इथलं रेंट म्हणजे घरभाडं नव्हे. आपल्याकडे जमीन खंडाने देतात, त्यातला हा खंड. मालकाने काही न पिकवता केवळ जमीन त्याच्या नावावर आहे म्हणून मिळणारा. लायसन्सच्या कागदावर बसलेले ८० हजार हा तसाच खंड. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटायला नको. मक्तेदारी हा आपला शब्दच मक्त्यावरून आला आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यातून महसुलाचे मक्ते जास्त बोली लावणाऱ्याला दिले जात. कसणाऱ्याचं पीक सुधारण्यापेक्षा दरबारात वजन असणं तेव्हाही जास्त किफायतीचं होतं.

क्रूगर यांनी उदाहरण घेतलं ते भारताचं आणि तुर्कस्तानचं. १९६४ सालच्या भारतात अशा खंडांची बेरीज त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के काढली, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा भाग एकट्या आयात लायसन्सांचा होता. क्षमतेवरून वाटप झालं की लोक रिकाम्या क्षमतेत पैसे गुंतवतात, हेही त्यांनी मांडलं. तो भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती ताडपत्रीच आठवली.

हा आकडा मात्र जपून वापरावा. ७.३ टक्के ही खंडाची किंमत आहे, वाया गेलेल्या रकमेची नव्हे. दोन्ही सारख्या होतात त्या स्पर्धा पूर्ण खुली असेल तेव्हाच. लायसन्स कोणाला मिळणार हे आधीच ठरलेलं असेल, तर बाकीचे धावतच नाहीत आणि खर्च कमी होतो. लाचेचंही तसंच आहे. लाच एका खिशातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे तेवढ्यापुरती ती वाया जात नाही. पण लाच मिळते म्हणून त्या खुर्चीसाठी झुंबड उडाली, तर ती धडपडही हिशेबात धरावी लागते.

परवाना दुसऱ्याची वाट अडवायलाही वापरता येतो. परवाना पद्धत तपासणाऱ्या दोन सरकारी अहवालांत, १९६७च्या हजारी अहवालात आणि १९६९च्या दत्त समितीच्या अहवालात, हे पुढे आलं. काही मोठी औद्योगिक घराणी एकाच वस्तूसाठी अनेक अर्ज करत आणि मिळालेले परवाने न वापरता ठेवून देत. क्षमतेचा सरकारी आकडा भरला की नव्या माणसाला दार बंद. परवाना असूनही कारखाना उभा राहत नाही, आणि तरीही परवाना सोडला जात नाही, ही या दुखण्याची सगळ्यात ठळक खूण आहे.

आकुर्डीत याचं दुसरं रूप दिसलं. बजाजच्या स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. दहा वर्षांची रांग अनेक पुणेकरांनी पाहिली आहे. नंबर लागलेला माणूस तीच गाडी ऑनचे पैसे घेऊन विकू शकायचा, म्हणजे खंड तिथे रांगेतल्या ग्राहकाला मिळत होता. कंपनीला उत्पादन वाढवायचं होतं आणि परवान्याची मर्यादा आड येत होती. राहुल बजाज यावर उघड बोलत. पण त्याच व्यवस्थेने बाहेरचे स्पर्धकही दूर ठेवले होते. मागणी दाराशी उभी असताना गाडीचं मॉडेल बदलण्याची घाई कोणाला असणार? परवाना त्रास देतो आणि सांभाळतोही. म्हणूनच १९९३ साली, दारं उघडल्यावर, बॉम्बे क्लब म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींनी परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धा मागितली आणि राहुल बजाज त्यांच्यात होते. त्यातली देशातल्या महाग कर्जाची तक्रार मला रास्त वाटते. संरक्षणाची मागणी आणि ती यांच्यातली रेघ मात्र प्रत्येक वेळी तपासून काढावी लागते.

२४ जुलै १९९१च्या धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. कच्च्या मालाची आणि यंत्रांची आयात त्यानंतर बरीच मोकळी झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे निर्बंध २००१पर्यंत टिकले. पोलाद पैसे टाकून मिळू लागलं, तेव्हा मामांच्या कारखान्यात ते दोन लेथ पहिल्यांदा जोडायला काढले. एकाचा बेड गंजून गेला होता. दुसरा चालला, पण इतक्या वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळेनात, आणि तो भंगाराच्या भावाने गेला.