सत्याच्या तीन उपपत्ती : उजळणीचा तक्ता

सत्याविषयीच्या अनुरूपता, सुसंगती आणि फलप्रामाण्यवादी उपपत्तींची शेजारी-शेजारी मांडणी करणारा तक्ता. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी परीक्षेआधी असा तक्ता करतात, पण त्यात बहुधा दोनच रकाने असतात : गुण आणि दोष. त्यांच्याआधी तिसरा रकाना लागतो, तो म्हणजे ‘विधान खरे असणे म्हणजे काय’. हा रकाना नसला की सत्याची व्याख्या आणि सत्य ओळखण्याची कसोटी यांची गल्लत होते, आणि मग एका उपपत्तीचा दोष दुसरीच्या खात्यात जातो.

| उपपत्ती | विधान खरे म्हणजे | बळ | दुबळी बाजू |
|---|---|---|---|
| अनुरूपता (ॲरिस्टॉटल, रसेल) | ते वस्तुस्थितीशी जुळते | आपण काय मानतो यावर सत्य अवलंबून राहत नाही | ‘जुळणे’ म्हणजे काय. नकारात्मक विधानांना कोणती वस्तुस्थिती? |
| सुसंगती (जोआकिम, ब्लँशर्ड) | ते विधानांच्या व्यापक व्यवस्थेत बसते | प्रत्यक्ष पडताळणीची पद्धत अशीच असते. गणितालाही लागू पडते | परस्परविरोधी सुसंगत व्यवस्था शक्य |
| फलप्रामाण्यवाद (पर्स, जेम्स) | अनुभवात व चौकशीत ते टिकते | सत्याचा व्यवहाराशी संबंध दाखवते | उपयोगी असत्ये. कायमच्या हरवलेल्या गोष्टी |

तक्ता पाठ करण्याऐवजी एकच विधान तिन्ही ओळींतून फिरवून पाहावे. मुंबईकरांच्या ओळखीचे विधान घेऊ : ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला प्रवासी गाडी गेली.’

अनुरूपतेनुसार हे खरे आहे, कारण तशी गाडी गेली. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातील यथार्थ अनुभवाचे लक्षण, ‘तद्वति तत्प्रकारकः’, म्हणजे जिथे जो धर्म आहे तिथेच तो जाणणे, याच्या जवळचे आहे. अडचण ‘१८५३ साली बोरीबंदरहून पुण्याला गाडी जात नव्हती’ या विधानापाशी येते. हेही खरेच, पण जगातली कोणती गोष्ट त्याच्याशी जुळते? ‘नसणे’ ही वस्तुस्थिती मानायची, की जे होते त्या सगळ्याची बेरीज? नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि ही किंमत उघडपणे चुकती केली.

सुसंगतीची ओळ सर्वांत जास्त चुकते. ती गाडी आज कोणीच पाहू शकत नाही. इतिहासकार वर्तमानपत्रे, रेल्वे कंपनीची कागदपत्रे आणि सरकारी नोंदी एकमेकांशी ताडून पाहतो. म्हणून विद्यार्थी लिहितो, ‘सुसंगती हेच सत्य.’ पण इथे सुसंगती कसोटीचे काम करते. ती व्याख्या आहे असे म्हणायचे तर पुढचे पाऊल टाकावे लागते : बसणे हेच खरे असणे, त्यापलीकडे काही नाही. रसेल यांचा आक्षेप त्या पावलावर आहे. ‘पहिली गाडी भायखळ्याहून सुटली’ असे धरून बाकीची कागदपत्रे बनावट मानली, तर तीही कथा आतून सुसंगत होते. मग दोन व्यवस्थांतून निवड कशी करायची? सगळा अनुभव सामावून घेणारी व्यवस्था घ्यावी, असे ब्लँशर्ड यांच्या बाजूने उत्तर देता येते. मात्र ‘अनुभव’ म्हटल्याबरोबर विधानांबाहेरचे काहीतरी आत येते. उत्तरपत्रिकेत आक्षेप, उत्तर आणि ही अडचण असे तिन्ही टप्पे आले तरच ही ओळ पूर्ण होते.

फलप्रामाण्यवादात पर्स आणि जेम्स यांना एकाच चौकटीत कोंबू नये. जेम्स यांनी १९०७ मध्ये सत्याचा संबंध विश्वास उपयोगी ठरण्याशी जोडला. त्यावरचा आक्षेप लोकलने जाणाऱ्याला चटकन पटेल. घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला त्या चुकीच्या वेळेमुळेच रोज ८.१० ची लोकल मिळते. विश्वास उपयोगी आहे, तरीही खोटा आहे. जेम्स यांच्या बाजूने म्हणता येते की विश्वास दीर्घकाळ आणि बाकीच्या अनुभवासह टिकला पाहिजे. स्टेशनवरचे घड्याळ पाहताच हा विश्वास कोसळतो. उत्तर दमदार आहे, पण त्यात सुसंगतीचा आधार घेतलेला आहे, हे तक्त्यात टिपून ठेवावे.

पर्स यांना हा आक्षेप लागूच पडत नाही. त्यांच्या मते चौकशी करणारे सर्वजण अखेरीस ज्यावर एकमत होतील ते सत्य (१८७८). त्यांची अडचण वेगळी आहे. त्या दुपारी बोरीबंदरला गाडी पाहायला नेमकी किती माणसे उभी होती? संख्या ठरावीक होती, पण कोणी मोजली नसेल तर चौकशी कितीही लांबवली तरी तिथे पोहोचणार नाही. अनुरूपतावादी इथे सहज म्हणतो की संख्या आहे, आपल्याला ठाऊक नाही इतकेच.

तक्ता तपासण्याची पद्धत सोपी आहे. प्रत्येक दोषासमोर विचारावे : हा ‘सत्य म्हणजे काय’ यावरचा आक्षेप आहे, की ‘सत्य कळते कसे’ यावरचा? ‘वस्तुस्थिती थेट तपासता येत नाही’ हा दोष अनुरूपतेखाली नेहमी लिहिला जातो, पण तो दुसऱ्या प्रकारचा आहे. व्याख्येला त्याने धक्का लागत नाही. त्याच्या जागी फ्रेगे यांचा आक्षेप लिहावा : ‘हे विधान जुळते’ हे खरे आहे का, असा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो आणि अनवस्था ओढवते.